प्रयोगापूर्वीचा हिशेब आणि अपेक्षित वाढ

निरनिराळी खते, फवारण्या आणि नवी वाणे यांच्या प्रयोगांचे अहवाल हल्ली आपल्या सभासदांच्या हाती वरचेवर येतात. त्यांतील काही अहवालांच्या आरंभी एक लहानसा परिच्छेद असतो. प्रयोगास किती तुकडे लागतील याचा हिशेब आधी केला होता आणि तितके तुकडे घेतले, असे त्यात सांगितलेले असते. वाचक बहुधा तो ओलांडून शेवटच्या कोष्टकाकडे जातात. आमच्या मते अहवालाची खरी परीक्षा त्या परिच्छेदातच होते. तेथील दोन आकडे गैरवाजवी असतील, तर पुढील कोष्टक कितीही नेटके असले तरी त्यावरून खिशातला पैसा खर्च करणे शहाणपणाचे नाही.

प्रथम हा हिशेब कशाचा ते पाहू. एखाद्या उपायाने उत्पन्न खरोखर वाढत असेल, तर ती वाढ प्रयोगात दिसून येण्याचा संभव किती, यास संख्याशास्त्रात प्रयोगाची 'पॉवर' म्हणतात. ही कल्पना नेमन आणि पिअर्सन या दोघांनी १९३३ साली पक्क्या पायावर मांडली. आपण तिला प्रयोगाची 'पकड' म्हणू. शंभरांपैकी ऐंशी वेळा वाढ पकडली जावी, असा सर्वसाधारण दंडक आहे. त्यासाठी दोन गोष्टी आधी गृहीत धराव्या लागतात. एकच उपाय केलेल्या तुकड्यांचे उत्पन्न आपापसांत शेकडा किती कमीजास्त होते, ही पहिली. अहवालात तिच्यापुढे 'सी. व्ही.' ही अक्षरे असतात. आपण तिला जमिनीचा चढउतार म्हणू. उपायामुळे उत्पन्न शेकडा किती वाढेल ही अपेक्षा, ही दुसरी.

हिशेबाची रीत कोणाही हिशेबी शेतकऱ्यास जमेल इतकी सोपी आहे. चढउताराच्या टक्क्यांना अपेक्षित वाढीच्या टक्क्यांनी भागावे, आलेल्या संख्येचा वर्ग करावा आणि त्यास सोळांनी गुणावे. उत्तर येते तितके तुकडे प्रत्येक उपायास हवेत. तुकडे फारच थोडे निघाले, तर त्यांत एकदोन वाढवावे लागतात, एवढीच पुरवणी. वर्ग करावयाचा असल्यामुळे येथील लहानशी चूक मोठी होते. अपेक्षित वाढ निम्मी धरली की तुकडे चौपट लागतात, आणि चढउतार दुप्पट निघाला तरीही चौपट लागतात.

एक कल्पित उदाहरण घेऊ. समजा, सोयाबीनवरील एका पोषक फवारणीच्या प्रयोगात चढउतार ६ टक्के व अपेक्षित वाढ १५ टक्के धरली आहे. सहास पंधरांनी भागले, वर्ग केला व सोळांनी गुणले की अडीचपेक्षा थोडे अधिक येते. म्हणजे तीन तुकडे पुरे, आणि प्रयोगकर्त्याने चार घेतले, तर त्याने खबरदारीच घेतली असे वाटते. आता त्या शेताचा खरा चढउतार १२ टक्के आणि फवारणीने होणारी खरी वाढ ५ टक्के असेल, तर काय होते पाहा. बारास पाचांनी भागून तीच रीत केली असता सुमारे ९२ तुकडे लागतात. प्रत्येक उपायास चार तुकडे आणि ब्याण्णव तुकडे यांतले अंतर केवळ दोन गृहीतांच्या पोटी दडलेले होते.

आता पहिल्या गृहीताकडे वळू. सहा टक्के चढउतार धरणे वाजवी आहे काय? याचे मोजलेले प्रमाण उपलब्ध आहे. इंग्लंडातील रॉथॅमस्टेड येथे मर्सर आणि हॉल यांनी एक एकर गव्हाची सारख्याच रीतीने मशागत केली, आणि कापणीच्या वेळी त्याचे ५०० तुकडे पाडून प्रत्येकाचे धान्य निराळे तोलले. हे काम १९११ साली प्रसिद्ध झाले. एका तुकड्यास सरासरी ३.९५ पाउंड धान्य पडले. परंतु सर्वांत हलका तुकडा २.७३ पाउंडांचा आणि सर्वांत भारी ५.१६ पाउंडांचा निघाला. बियाणे तेच, खत तेच, पाऊस तोच. तरी चढउतार ११.६ टक्के!

तुकडा मोठा केला म्हणजे हे दुखणे जाईल, असे पुष्कळांस वाटते. पन्नास लहान तुकडे एकत्र करून चार गुंठ्यांचा एक तुकडा मानला, तर प्रत्येक लहान तुकडा स्वतंत्र असल्यास चढउतार सातव्या हिश्शावर, म्हणजे दीड-पावणेदोन टक्क्यांवर यावयास हवा होता. प्रत्यक्षात तो ५.१ टक्क्यांपर्यंतच उतरला. याचे कारण आपणांस पाठ आहे. शेतातील चांगली पट्टी चांगल्या पट्टीस लागून असते आणि चोपण चोपणास लागून. शेजारची जमीन जोडून घेतली, तर तिच्यासोबत तेच गुणदोष येतात. आम्ही महसूल खात्यात असताना पीक कापणीसाठी वाफा कोठे धरला यावर गावाची आणेवारी कशी वरखाली होते, हे पुष्कळदा पाहिले आहे. म्हणून मर्सर आणि हॉल यांनी तुकडा एकरचाळीसांश, म्हणजे बरोबर आपला एक गुंठा, ठेवून प्रत्येक उपायास असे पाच तुकडे शेतभर विखुरून द्यावेत, अशी सूचना केली.

त्या सूचनेस आपली रीत लावून पाहू. एवढ्या तुकड्याचा चढउतार सुमारे ६ टक्के धरला, तर पाच तुकड्यांत भरवशाने पकडता येणारी वाढ १० ते ११ टक्के निघते. याचा अर्थ असा की, काळजीने मशागत केलेल्या संशोधनकेंद्राच्या एकाच शेतावर आणि पाच तुकडे घेऊनही पाच टक्क्यांची वाढ हातातून निसटते. आपल्या कोरडवाहू काळ्या रानात, जेथे जमिनीची खोली बांधाबांधाला बदलते, तेथे सहा टक्के धरणाऱ्याने तो आकडा कोणत्या शेतावरून घेतला हे सांगितलेच पाहिजे. ताळा करणेही सोपे आहे. अहवालाच्या शेवटी प्रयोगातून प्रत्यक्ष निघालेला 'सी. व्ही.' बहुधा छापलेला असतो. आरंभी ६ आणि शेवटी १३ दिसला, तर आरंभीचा हिशेब रद्द समजावा.

दुसरे गृहीत अपेक्षित वाढीचे. येथे चुकीचा मार्ग फार मोहक आहे. पुष्कळदा जागा, मजूर व पैसा यांमुळे तुकडे चारच घ्यावयाचे हे आधी ठरलेले असते, आणि मग चार हे उत्तर येईल अशी वाढ शोधून ती 'अपेक्षित' म्हणून लिहिली जाते. याची खूण अशी की, त्या वाढीचे कारण दिलेले नसते, किंवा 'पूर्वीच्या प्रयोगावरून' एवढेच म्हटलेले असते. उपाशी पिकास नत्र किंवा सुकत्या पिकास पाणी दिले, तर उत्पन्न शेकडा वीस किंवा त्याहूनही वाढू शकते. पण खतपाणी मिळालेल्या पिकावर वरून केलेली फवारणी तितकी वाढ देईल, असे मानण्यास स्वतंत्र पुरावा हवा.

'पूर्वीच्या प्रयोगावरून' हा आधार तर विशेष तपासावा. वरील उदाहरणातील चार तुकड्यांचा व १२ टक्के चढउताराचा प्रयोगच घेऊ. त्यात दोन सरासऱ्यांमधील फरकाची स्वाभाविक चूक साडेआठ टक्के येते. फरक तिच्या सुमारे दुप्पट, म्हणजे १७ टक्के भरला, तरच त्यास 'लक्षणीय' हे नाव मिळते. खरी वाढ पाच टक्के असता असा शिक्का शंभरांत आठच प्रयोगांस मिळेल, आणि ज्यांना मिळेल त्यांतील प्रत्येक प्रयोग वाढ निदान तिपटीने फुगवून सांगेल. उलट शंभरांत अठ्ठावीस प्रयोगांत फवारलेले तुकडे न फवारलेल्यांच्या मागे पडलेले दिसतील. यशस्वी प्रयोग छापला गेला व बाकीचे दप्तरात राहिले, तर पुढील प्रयोगकर्त्याच्या हाती तो फुगलेला आकडाच येतो. तो त्यावरून पुन्हा चार तुकड्यांचा हिशेब करतो आणि चूक पिढीजात होते.

मग वाजवी आकडा कोणता? आमचे स्पष्ट मत असे की, हिशेबात धरावयाची वाढ ही शेतकऱ्याचा खर्च भरून थोडे हाती ठेवील अशी लहानात लहान वाढ असावी. समजा, सोयाबीन एकरी दहा क्विंटल येते, भाव ४,५०० रुपये आहे आणि फवारणीस मजुरीसह १,५०० रुपये पडतात. तर एकतृतीयांश क्विंटल, म्हणजे सुमारे साडेतीन टक्के वाढ झाली की खर्च निघतो. जोखीम धरून ५ टक्के वाढ आपल्या कामाची. १५ टक्के वाढच पाहू शकणारा प्रयोग आपल्या प्रश्नास उत्तर देत नाही. त्याने 'फरक आढळला नाही' असे म्हटले, तरी फवारणी निरुपयोगी ठरत नाही. प्रयोगाची पकड तेवढी नव्हती, इतकेच ठरते. काही लेखक प्रयोग संपल्यावर, हाती आलेल्या फरकावरूनच पकड मोजून दाखवितात. तोही आधार घेऊ नये, कारण तो त्याच निकालाचा निराळ्या शब्दांत पुनरुच्चार असतो.

ब्याण्णव तुकडे कोठून आणावे, असा आक्षेप येईल, आणि तो रास्त आहे. एका केंद्रावर ते होणे नाही. परंतु दहा गावांत प्रत्येकी पाच जोड्या, प्रत्येक जोडीत फवारलेली व न फवारलेली पट्टी लगत, आणि असे दोन हंगाम, म्हणजे शंभर जोड्या होतात. पट्ट्या लगत असल्याने जमिनीचा चढउतार पुष्कळसा दोहोंकडे सारखा वाटला जातो. मात्र कोणत्या पट्टीवर फवारावयाचे हे चिठ्ठी टाकून ठरविले पाहिजे. गावोगाव व साल-दरसाल परिणाम बदलतो तो निराळा मोजावा लागेल, आणि कदाचित शंभरही कमी पडतील. पण तेव्हा निदान काय कमी पडले हे तरी कळेल. हे घडून येणार नसेल, तर चार तुकड्यांच्या प्रयोगाने आपणांस प्राथमिक चाचणी म्हणवून घ्यावे, आणि त्याच्या आकड्यावर कोणी विक्रीची जाहिरात उभारू नये.

सबब आमची सूचना अशी की, आपल्या मासिकात कोणत्याही प्रयोगाचा निकाल छापताना त्याच्या शेजारी तीन आकडे छापावेत. आधी धरलेला चढउतार व प्रत्यक्ष निघालेला चढउतार एकत्र द्यावेत. आधी धरलेली वाढ व तिचे कारण द्यावे. आणि एवढ्या तुकड्यांत पकडता येणारी लहानात लहान वाढ द्यावी. तिसरा आकडा आपल्या खर्चाच्या हिशेबाहून मोठा असला, तर तो निकाल अनुकूल असो वा प्रतिकूल, वाचकाने त्यावरून आपली पेरणीची वही बदलू नये.