मुलाखत हवी, पण एका दाराची नको

परळच्या शेठ गोरधनदास सुंदरदास वैद्यकीय महाविद्यालयाच्या आणि केईएम रुग्णालयाच्या आवारात 1926 पासून डॉक्टर घडत आले आहेत. लालबागच्या चाळीतल्या, गिरगावच्या दोन खोल्यांतल्या मुलाला तिथे प्रवेश मिळतो तो केवळ गुणांच्या बळावर. ना ओळख, ना देणगी. म्हणूनच ‘डॉक्टर होणाऱ्याची नुसती परीक्षा नको, मुलाखतही घ्या’ अशी सूचना कोणी केली की मध्यमवर्गीय मराठी घरात पहिली शंका येते ती वशिल्याची. ही शंका अनाठायी नाही. तिला आधार अनुभवाचा आहे.

श्रीनगरच्या प्रादेशिक अभियांत्रिकी महाविद्यालयाचे प्रकरण आठवावे. तेथे 150 पैकी 50 गुण मुलाखतीला होते आणि एकेका विद्यार्थ्याला जेमतेम दोन-तीन मिनिटे मिळत. प्रश्न बहुधा घरादाराचे. लेखी परीक्षेत मागे असलेले मुलाखतीच्या जोरावर पुढे गेले. अजय हासिया खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने मुलाखतीला 15 टक्क्यांहून अधिक गुण ठेवणे मनमानी ठरविले आणि मुलाखतींचे ध्वनिमुद्रण करण्याचीही सूचना केली. न्यायालयाने दाराला कुलूप घातले नाही, दार अरुंद केले. परंतु त्या दाराआड काय चालावे, हा प्रश्न शिल्लकच राहिला.

त्याचे एक उत्तर कॅनडातील हॅमिल्टन येथील मॅकमास्टर विद्यापीठाने दिले. 2004 मध्ये तेथील अभ्यासकांनी ‘मल्टिपल मिनी इंटरव्ह्यू’, म्हणजे अनेक छोट्या मुलाखतींची पद्धत, 117 उमेदवारांवरील प्रयोगासह मांडली. चार-पाच जणांच्या मंडळासमोर एकदाच बसण्याऐवजी उमेदवार दहा दारांतून जातो. प्रत्येक दाराबाहेर एक प्रसंग लिहिलेला असतो. तो वाचायला दोन मिनिटे, आत आठ मिनिटे. घंटा झाली की पुढचे दार. प्रत्येक दाराआड वेगळा परीक्षक आणि त्याच्या हाती फक्त त्या प्रसंगाचा गुणतक्ता.

या प्रयोगातील एक निष्कर्ष मुळातून समजून घेण्यासारखा आहे. उमेदवाराउमेदवारांत जेवढा फरक दिसला, त्याहून अधिक फरक एकाच उमेदवाराच्या निरनिराळ्या दारांतील कामगिरीत दिसला. आजारी माणसाशी मायेने बोलणारा मुलगा पैशाच्या पेचात गडबडतो. वादात ठाम राहणारी मुलगी वाईट बातमी सांगताना अडखळते. एकाच प्रसंगावरून ‘मुलगा चांगला आहे’ असे म्हणणे म्हणजे शितावरून भाताची परीक्षा करणे. पण माणसाचा स्वभाव काही एकसारखा शिजत नाही. म्हणून आठ परीक्षक उपलब्ध असतील तर चार दारांत दोन-दोन बसविण्यापेक्षा आठ दारांत एकेक बसविणे अधिक भरवशाचे.

आता गुण कसे द्यायचे ते एका कल्पित प्रसंगावरून पाहू. दारावर लिहिले आहे : ‘तुम्ही रुग्णालयात स्वयंसेवक आहात. रक्ततपासणीच्या रांगेत एक आजी सकाळपासून उभ्या आहेत. तुमचे शेजारी त्यांच्या पुढे नंबर लावून द्या म्हणतात. त्यांना कामाची पाळी गाठायची आहे. त्यांच्याशी बोला.’ आत शेजाऱ्याची भूमिका करणारा माणूस बसलेला असतो आणि परीक्षक कोपऱ्यातून पाहत असतो. गुणतक्त्यात ‘व्यक्तिमत्त्व’ असा धूसर शब्द नसतो. जो उमेदवार लगेच हो म्हणतो किंवा शेजाऱ्याला झिडकारतो, तो तळाशी. जो नियम सांगून नकार देतो पण अडचण विचारत नाही, तो मध्यावर. जो अडचण विचारतो, नकाराचे कारण समजावतो आणि परिचारिकेला विचारणे किंवा दुसरी वेळ घेणे असा मार्ग सुचवितो, तो वरच्या पायरीवर. प्रत्येक पायरीवर काय दिसले पाहिजे हे आधी लिहिलेले असल्याने परीक्षकाच्या लहरीला जागा कमी उरते. ‘इंग्रजी सफाईदार आहे’ अशी पायरी या तक्त्यात असता कामा नये. आजींशी आणि शेजाऱ्याशी परळमध्ये मराठीतच बोलावे लागणार आहे.

समजा, लालबागच्या एका मुलीला आठ दारांत दहापैकी 7, 8, 4, 8, 7, 7, 8, 7 असे गुण मिळाले, बेरीज 56. गिरगावच्या मुलाला 9, 5, 6, 6, 5, 6, 7, 6, बेरीज 50. एकच मंडळ असते आणि त्याने पहिलाच प्रसंग विचारला असता तर मुलगा निवडला गेला असता. तिसराच विचारला असता तर मुलगी कायमची बाद. येथे तिसऱ्या दारातील तिच्या घाबरण्याची किंमत ऐंशीपैकी तीन-चार गुण एवढीच.

मात्र हे तीन गुणही अन्यायाने जाऊ नयेत. सकाळच्या फेरीत पाचव्या दारी कडक परीक्षक असेल आणि त्याची सरासरी साडेचार येत असेल, तर त्याचा फटका त्या फेरीतील सर्वांना सारखाच बसतो. क्रम बदलत नाही. पण दुपारी त्याच दारी सढळ हाताचा परीक्षक बसला आणि त्याची सरासरी साडेसात आली, तर सकाळच्या मुलीने तीन गुण फुकट गमावले. उपाय असा की, उमेदवार त्या परीक्षकाच्या सरासरीच्या किती वर वा खाली आहे हे मोजावे. त्यासाठी कोणता उमेदवार कोणत्या फेरीत जाईल हे चिठ्ठीने ठरले पाहिजे, आणि एका परीक्षकाने पुरेसे उमेदवार पाहिले पाहिजेत. आठ-दहा जणांवरून काढलेली सरासरी फसवी असते.

गुणपत्रिकाच परीक्षकाचीही साक्ष देतात. तक्त्यातील तिन्ही ओळींत तो प्रत्येकाला एकच आकडा देत असेल, तर त्याने तक्ता वाचलेला नाही. पहिले मत तीनदा लिहिले आहे. सगळ्यांना सात किंवा आठ देत असेल, तर त्याचे दार असून नसल्यासारखे. आणि परीक्षकांनी चहाच्या वेळी आकडे जुळवून घेतले, तर आठ मते उरत नाहीत, एकच उरते. वरिष्ठ प्राध्यापक सहज ‘मुलगा बरा वाटला’ म्हणाले की धाकट्या सहकाऱ्याचे खोडरबर चालू लागते. म्हणून गुण शाईने, जागेवरच लिहून पाकीटबंद झाले पाहिजेत. लेखी परीक्षेचे गुण, आडनाव वा शाळा परीक्षकाला कळता कामा नये. आणि कोण कोणत्या दारी बसणार हे त्याच सकाळी ठरले पाहिजे. दहा परीक्षक गाठणे एकाला गाठण्याहून कठीण असते. वशिल्यावरचा खरा उतारा हाच.

या पद्धतीलाही मर्यादा आहेत. प्रसंग फुटतात, म्हणून ते बदलावे लागतात. शिकवणीवाले यावरही दुकान मांडतील. माणसे व वेळ फार लागतो. लाखो परीक्षार्थींसाठी हे शक्य नाही, गुणवत्ता यादीतील निवडक उमेदवारांसाठीच शक्य आहे. शिवाय आज महाराष्ट्रात एमबीबीएसचा प्रवेश ‘नीट’च्या क्रमावर होतो आणि महाविद्यालयाला स्वतःची मुलाखत जोडता येत नाही. पुण्याचे सशस्त्र सेना वैद्यकीय महाविद्यालय मात्र ‘नीट’नंतर चाचणी व मुलाखत घेते.

तेव्हा प्रश्न ‘मुलाखत असावी की नसावी’ एवढाच नाही. जेथे ती आहे, तेथे ती अशा रीतीने व्हावी; आणि उद्या परळच्या दारात ती आणण्याचा विचार झाला, तर गुणांना 85 टक्के वजन कायम ठेवून, अनेक दारांनी, लिहिलेल्या तक्त्याने आणि एकमेकांपासून अलग बसलेल्या परीक्षकांनीच आणावी. यातली एकही अट गळणार असेल, तर लालबागच्या त्या मुलीच्या हातातली गुणपत्रिका तशीच राहू द्यावी. आज तिचा आधार तेवढाच आहे.