तीस दिवसांची माळ्यावरची पेटी

मंडळी, आज जरा भांडायचा मूड आहे. भांडण आहे इन्स्टाग्रामवरच्या 'Recently deleted' नावाच्या फोल्डरशी. आपल्या गोतावळ्यातल्या निम्म्या लोकांना तो फोल्डर आहे हेच ठाऊक नाही आणि उरलेल्या निम्म्यांना तो म्हणजे बँकेचा लॉकर वाटतो. दोन्ही गटांना नमस्कार. :)

आधी वस्तू काय आहे ते नीट सांगतो, म्हणजे भांडणाला पाया राहील.

फेब्रुवारी २०२१ पर्यंत इन्स्टाग्रामवर पोस्ट उडवली की उडाली. मागे फिरायची वाट नाही. त्या महिन्यात हा फोल्डर आला. तेव्हापासून तुम्ही फोटो, व्हिडिओ, रील किंवा स्टोरी डिलीट केलीत की ती लोकांच्या नजरेतून तत्काळ जाते, पण नष्ट होत नाही. ती या पेटीत जाऊन बसते आणि तिथे ३० दिवस राहते. तेवढ्यात मन बदललं तर परत आणता येते. ३० दिवस भरले की आपोआप साफ. पाच-सात फोटोंच्या एकत्र पोस्टमधला एखादाच फोटो काढला असेल तर तोही याच पेटीत जातो, त्यालाही तोच नियम.

अपवाद फक्त स्टोरीचा. स्टोरी आर्काइव्हमध्ये जतन झालेली नसेल तर पेटीतला तिचा मुक्काम जास्तीत जास्त २४ तासांचा. काल रात्री घाईत काढलेली स्टोरी परवा सकाळी आठवली तर उपयोग नाही.

वाट अशी. आपल्या प्रोफाइलवर जायचं, वरच्या उजव्या कोपऱ्यातल्या तीन रेघा दाबायच्या, 'Your activity' उघडायचं, त्यात खाली 'Recently deleted' सापडेल. आत गेल्यावर पोस्ट, रील, स्टोरी असे वेगवेगळे कप्पे दिसतात. एखादा कप्पा दिसला नाही तर घाबरू नका, त्या जातीचं काही तुम्ही अलीकडे उडवलेलं नाही एवढाच त्याचा अर्थ. हवी ती वस्तू उघडायची, तीन टिंबं दाबायची आणि 'Restore' म्हणायचं. मग ईमेलवर किंवा एसएमएसने एक कोड येतो. तो भरला की काम फत्ते.

इथे थांबून विचारायला हवं, की हा कोड कशासाठी? आपलीच वस्तू, आपल्याच पेटीतून काढायची, तर राखणदार कोणासाठी उभा केलाय?

उत्तर कंपनीने तेव्हाच दिलं होतं. लोकांची खाती हॅक व्हायची आणि चोर आत शिरल्या शिरल्या सगळ्या पोस्ट उडवायचा. त्याला अटकाव म्हणून ही पेटी. चोराने पोस्ट उडवल्या तरी त्या पेटीत राहतील आणि पेटीतून कायमच्या काढायच्या तर त्याला कोड लागेल. म्हणजे हा फोल्डर विसरभोळ्यांसाठी नंतर, चोरापासून बचावासाठी आधी. कल्पना चांगलीच आहे. माझं भांडण तिच्या अर्धवटपणाशी आहे.

एक उदाहरण तारखांसकट लावून बघू. समजा साताऱ्याच्या एक काकू घरगुती मसाल्यांचं पान चालवतात. चार वर्षांत तीनशे पोस्ट. ३ मार्चला कोणी 'तुमच्या खात्याला निळी टिक देतो' म्हणून लिंक पाठवली, काकूंनी पासवर्ड भरला. चोराने तासाभरात पासवर्ड बदलला, ईमेल बदलला, फोन नंबर बदलला आणि तीनशे पोस्ट एकगठ्ठा निवडून उडवल्या.

घड्याळ तिथे सुरू झालं. ३ मार्चपासून ३० दिवस, म्हणजे २ एप्रिलपर्यंत पोस्ट पेटीत. आदल्या संध्याकाळची आर्काइव्हमध्ये नसलेली स्टोरी मात्र ४ मार्चलाच गेली.

आता राखणदाराकडे बघा. कोड जातो तो खात्यावर नोंदलेल्या ईमेलवर किंवा नंबरवर. आणि नोंद तर चोराने बदललीय! ज्या कुलुपाच्या भरवशावर पेटी ठेवली त्याची किल्ली चोराच्या खिशात जायची वेळ आली. म्हणून खरी लढाई त्या फोल्डरमध्ये नाहीच, ती ईमेलच्या इनबॉक्समध्ये आहे. खात्याचा ईमेल बदलला की जुन्या पत्त्यावर security@mail.instagram.com कडून पत्र येतं आणि त्यात तो बदल उलटवायची लिंक असते. काकूंनी ते पत्र त्याच दिवशी पाहिलं तर निम्मं काम झालं. पत्राला जाहिरात समजून सोडून दिलं तर instagram.com/hacked या पत्त्यावरून सुरुवात करावी लागते आणि तिथे आपण आपणच आहोत हे सिद्ध करावं लागतं. त्यासाठी चेहऱ्याचा व्हिडिओ मागतात, तो खात्यावरच्या फोटोंशी ताडून बघायला. काकूंच्या पानावर फोटो कोणाचे? गोडा मसाला, कांदा-लसूण मसाला आणि वाळत घातलेल्या मिरच्यांचे! मग खातं उघडताना कोणता ईमेल, कोणता नंबर आणि कोणतं यंत्र वापरलं होतं, या जुन्या खुणा सांगून ओळख पटवायची. यात दिवस जातात. काकूंना खातं १ एप्रिलला मिळालं तर त्यांच्या हातात एक दिवस आहे. ३ एप्रिलला मिळालं तर रिकामं घर ताब्यात आलं.

माझा आक्षेप क्रमांक एक हा. घराला बाहेरून कुलूप घालून चोर आत बसलाय आणि मालकाची मुदत मात्र चालूच आहे, हा कुठला न्याय? 'माझं खातं चोरीला गेलं' अशी तक्रार ज्या दिवशी नोंदवली त्या दिवशी हे घड्याळ थांबलं पाहिजे आणि खातं परत हातात आल्यावरच पुढे चाललं पाहिजे. यात तांत्रिक अवघड काही नाही. तारीख ठेवणाऱ्या यंत्राला तारीख धरून ठेवताही येते.

आता दुसरी बाजू. कोणी म्हणेल, अहो, मुदत वाढवा काय म्हणताय, उलट कमी करा! ज्याने पोस्ट उडवली त्याला ती नकोशी आहे. महिनाभर जपून ठेवायचा अधिकार तुम्हाला कोणी दिला?

हा मुद्दा खोटा नाही, आणि इथेच आक्षेप क्रमांक दोन येतो. या पेटीला फक्त लांबचा चोर माहीत आहे, घरातला माहीत नाही. आपल्याकडे कितीतरी घरांत फोन एकीचा आणि बघणारे चार. एखाद्या मुलीने मैत्रिणींबरोबरचा फोटो टाकला, घरात बोलणी बसतील म्हणून काढला. तिला वाटतं, गेला. पण तो पेटीत बसलाय आणि ज्याच्या हातात फोन आहे त्याला परत आणायचा कोडही त्याच फोनवर एसएमएसने येणार. अशा वेळी एकदा डिलीट करून भागत नाही. पेटीत जाऊन तीच वस्तू पुन्हा निवडून, कोड भरून, दुसऱ्यांदा उडवावी लागते. मग ती तुम्हालाही परत मिळत नाही, हे लक्षात ठेवूनच ते बटण दाबायचं. डिलीट करतानाच 'महिनाभर ठेवू की आत्ताच नष्ट करू?' एवढा साधा प्रश्न विचारला तर दोन्ही जातीच्या माणसांची सोय होईल. मुदत लांब की आखूड हा वाद कंपनीने सगळ्यांच्या वतीने का सोडवावा?

आणि आक्षेप क्रमांक तीन 'कायमचं' या शब्दावर. तिसाव्या दिवशी वस्तू तुमच्यासाठी कायमची गेली. कंपनीसाठीही त्याच क्षणी गेली का? नाही. पूर्ण खातं डिलीट करणाऱ्यांना इन्स्टाग्राम स्वतःच सांगतं, की विनंतीनंतर ३० दिवस विचार बदलायला, आणि मग सगळं पुसून व्हायला ९० दिवसांपर्यंत लागू शकतात. आपत्तीत कामी यावा म्हणून ठेवलेल्या बॅकअपमध्ये प्रती त्यानंतरही राहू शकतात. आणि ऑगस्ट २०२० मधली एक बातमी आठवा. एका सुरक्षा-संशोधकाने आपली सगळी माहिती डाउनलोड केली, तर त्यात वर्षापेक्षा जास्त काळापूर्वी डिलीट केलेले फोटो आणि खासगी संदेश निघाले! कंपनीने चूक मान्य करून दुरुस्त केली आणि त्याला ६,००० डॉलर बक्षीस दिलं. ते ठीकच. पण यातून एक गोष्ट कळते, की 'गेलं' म्हणजे तुमच्या पडद्यावरून गेलं. सर्व्हरवरून जायला आपलं वेगळं वेळापत्रक असतं आणि ते तुमच्या हातात नाही. मधल्या काळात वस्तू असते, फक्त तुम्हाला मिळत नाही. परत मागणाऱ्याला 'नाही' आणि नष्ट करा म्हणणाऱ्याला 'थांबा'. दोन्हीकडून मार आपल्यालाच.

यावर आमचा एक आतेभाऊ म्हणतो, 'फुकटची सेवा आहे, एवढं देतात हेच खूप.' अरे, फुकट कसली? तुझ्या पोस्टच्या आजूबाजूला जाहिराती दाखवूनच दुकान चालतं ना? मग माल मांडणाऱ्याला त्याच्या मालाची पावती मागायचा हक्क नको?

ते घड्याळ थांबवतील तेव्हा थांबवतील. तोवर आपल्या हातात आहे तेवढं सांगतो. पोस्ट फक्त नजरेआड करायची असेल तर डिलीट करूच नका, 'Archive' करा. आर्काइव्हला मुदत नाही, ती पोस्ट लाइक आणि कॉमेंटसकट तशीच राहते आणि हवी तेव्हा परत मांडता येते. डिलीट हा शब्द ज्या वस्तूचं तोंडही पुन्हा बघायचं नाही तिच्यासाठी राखून ठेवा. आणि ज्यांचं पोट किंवा चार वर्षांची मेहनत त्या पानावर आहे त्यांनी अधूनमधून आपली माहिती 'Accounts Center' मधून उतरवून घ्यावी. तयार झाल्यावर जी लिंक येते ती थोडेच दिवस चालते, तेव्हा आल्या आल्या उतरवा आणि कॉम्प्युटरवर ठेवा. काकूंच्या गोष्टीत २ एप्रिलनंतर उपयोगाला येईल अशी ही एकच गोष्ट आहे.

असो. पटलं नसेल तर खाली भांडायला या, विशेषतः आतेभाऊ. आणि त्याआधी एकदा तो फोल्डर उघडून बघा. काही जणांना आत काय काय बसलंय ते बघून घाम फुटेल, पैज लावतो.