कार्डातून पैसे गेले, पण भाडं पोचलं का?

तारापूर एमआयडीसीत नोकरी, बोईसरला किंवा सातपाटीला भाड्याची खोली आणि पगार महिन्याच्या सात तारखेला. भाडं मात्र पाच तारखेच्या आत द्यायचं असतं. हे दोन-तीन दिवस भरून काढण्यासाठी अनेक तरुणांनी क्रेडिट कार्डावरून भाडं देणारी अ‍ॅप वापरली. आजचं भाडं कार्डावर टाकायचं आणि बिल पुढच्या महिन्यात भरायचं. बिल वेळेत भरलं तर व्याजही नाही, म्हणून व्याजाला हात न लावणाऱ्यांनाही ही सोय पटली.

ही सोय दिसते तेवढी साधी नाही. सप्टेंबर २०२५ मध्ये रिझर्व्ह बँकेने पेमेंट अ‍ॅग्रीगेटरांसाठी नवे निर्देश काढले आणि फोनपे, पेटीएम, क्रेड यांसारख्या अ‍ॅपनी कार्डावरून भाडं देण्याची सेवा बंद केली. त्यावर बरीच नाराजी झाली. माझ्या मते रिझर्व्ह बँकेचा निर्णय योग्य होता. त्याचं कारण समजायचं, तर पैसे कसे जातात ते आधी पाहावं लागेल.

आपल्याला स्क्रीनवर एकच व्यवहार दिसतो. प्रत्यक्षात ते दोन व्यवहार असतात. पहिल्यात आपल्या कार्डाची बँक मध्यस्थ कंपनीला पैसे देते. दुसऱ्यात ती कंपनी आपल्या खात्यातून आयएमपीएस किंवा एनईएफटीने घरमालकाला पैसे पाठवते. सॉफ्टवेअरमध्ये दोन पायऱ्या एकत्र यशस्वी किंवा एकत्र अयशस्वी होतील अशी व्यवस्था करता येते. इथे पायऱ्या दोन वेगळ्या संस्थांच्या हातात असल्याने ती हमी नसते. पहिली झाली की अ‍ॅपवर हिरवी खूण येते. दुसरी अडकली, तर ती खूण आपोआप लाल होतेच असं नाही.

दुसरी पायरी अडकण्याची कारणं साधी असतात. घरमालकाच्या पासबुकावर जुना आयएफएससी कोड असतो. देना बँक १ एप्रिल २०१९ रोजी बँक ऑफ बडोदात विलीन झाली आणि तिच्या शाखांचे कोड नंतर बदलले. अशी जुनी पासबुकं अजून घरात असतात. कधी खात्यावरचं नाव आणि आपण टाकलेलं नाव जुळत नाही. कधी कंपनी मध्येच भाडेकरार किंवा मालकाचं पॅन मागते आणि ते मिळेपर्यंत पैसे रोखून धरते. हा संशय अगदी उगाच नसतो. भावाच्या खात्यात ‘भाडं’ पाठवून कार्डावरची मर्यादा रोख पैशात बदलणारे लोकही याच अ‍ॅपवर होते.

रिझर्व्ह बँकेचा आक्षेप नेमका इथे आहे. नव्या निर्देशांनुसार अ‍ॅग्रीगेटरने ज्यांच्याशी थेट करार आणि ज्यांची पडताळणी केली आहे, अशा व्यापाऱ्यांसाठीच पैसे गोळा करायचे. सातपाटीत वरच्या दोन खोल्या भाड्याने देणारं मच्छीमार कुटुंब हे व्यापारी नाही. त्याचा त्या कंपनीशी कसलाही करार नाही. त्यामुळे पैसे अडकले तर मालक कंपनीला जाब विचारू शकत नाही, तो आपल्यालाच विचारतो. फेब्रुवारी २०२४ मध्ये कंपन्यांच्या कार्ड-पेमेंटबाबतही रिझर्व्ह बँकेने हीच हरकत घेतली होती. मध्यस्थ मोठ्या रकमा एका खात्यात जमा करतो, पण त्या खात्याला कायद्याखालचं संरक्षण नाही आणि पैसे घेणाऱ्याची पूर्ण ओळखही तपासलेली नाही.

आता खर्च मोजू. समजा भाडं १२,००० रुपये आहे आणि अ‍ॅपचं शुल्क दोन टक्के. म्हणजे २४० रुपये आणि त्यावर १८ टक्के जीएसटीचे ४३ रुपये २० पैसे. कार्डावर १२,२८३ रुपये २० पैसे पडले. इथवरचा हिशोब अ‍ॅप दाखवतं. पण कार्डाची बँकही वेगळं शुल्क लावते. आयसीआयसीआयने ऑक्टोबर २०२२ पासून आणि एचडीएफसीने ऑगस्ट २०२४ पासून अशा भाड्यावर एक टक्का आकारायला सुरुवात केली. एसबीआय कार्डने नोव्हेंबर २०२२ पासून ठरावीक रक्कम लावली. आपल्या उदाहरणात एक टक्का म्हणजे १२२ रुपये ८३ पैसे, जीएसटी धरून सुमारे १४५ रुपये. ही रक्कम अ‍ॅपवर दिसत नाही, ती महिन्याच्या स्टेटमेंटमध्ये उगवते. एकूण जादा खर्च सुमारे ४२८ रुपये, म्हणजे भाड्याच्या साडेतीन टक्क्यांहून थोडा जास्त. वर्षाला तो ५,१०० रुपयांच्या पुढे जातो. ४५ दिवसांच्या उसनवारीसाठी एवढं देणं म्हणजे वार्षिक हिशोबाने जवळपास २९ टक्के. नाव ‘शुल्क’ असलं तरी खिशाला ते व्याजासारखंच लागतं.

उशिराचा खर्च याहून मोठा असू शकतो. आपल्यातल्या अनेकांना नाव ऐकताच खोली नाकारली गेल्याचा अनुभव आहे. मोठ्या मुश्किलीने मिळालेल्या घरात भाडं आठ दिवस थकलं, तर ‘अ‍ॅपवर सक्सेसफुल दाखवतंय’ हे उत्तर मालकाला पुरत नाही. त्याच्या खात्यात पैसे नाहीत, एवढंच त्याला दिसतं.

आजही कुणी अशी सेवा देत असेल आणि ती वापरावीच लागली, तर पुरावा म्हणून हिरवी खूण धरू नका. दुसऱ्या पायरीचा यूटीआर मागा. एनईएफटीचा क्रमांक १६ अक्षरांचा असतो, आयएमपीएसचा १२ अंकी. तो मालकाच्या बँकेत सांगितला की पैसे आले का ते शोधता येतं. कंपनी तो देत नसेल, तर पैसे बहुधा तिच्याकडून निघालेलेच नाहीत. ‘रविवार होता म्हणून एनईएफटी अडकली’ हे कारण ऐकून घेऊ नका, कारण १६ डिसेंबर २०१९ पासून एनईएफटी चोवीस तास, सातही दिवस चालते.

पैसे परत येणार असं सांगितलं, तर परताव्याचा २३ अंकी एआरएन घ्या आणि तो कार्डाच्या बँकेला दाखवा. बिलाच्या शेवटच्या तारखेआधी परतावा आला, तर बँकेने तो थकीत रकमेतून लगेच वळता करून आपल्याला कळवायचा असतो, हा रिझर्व्ह बँकेचा नियम आहे. परतावा तोवर आला नाही, तर मात्र बिल भरून टाका आणि वाद वेगळा चालवा. बिल अपुरं भरलं की व्याज सुरू होतं. बँकेला लेखी तक्रार करून ३० दिवसांत उत्तर मिळालं नाही किंवा पटलं नाही, तर cms.rbi.org.in वर लोकपालाकडे जाता येतं. तिथे वकील लागत नाही, फीही नाही.

पाच आणि सात तारखेतला प्रश्न सोडवायला याहून स्वस्त मार्ग आहे. करार करतानाच भाड्याची तारीख दहा लिहून घ्या आणि पगार झाला की यूपीआयने थेट मालकाच्या खात्यात भरा. भाडेकरूला त्यासाठी शुल्क नाही आणि पैसे मध्ये कुणाच्या खात्यात थांबत नाहीत. बहुतेक मालक या एका ओळीला हरकत घेत नाहीत, फक्त ती सही करण्याआधी मागावी लागते.