साचा ठेवा, शब्द फेका!

सोमवार, सकाळचे अकरा. क्लायंटचा फोन येतो, "स्क्रिप्ट संध्याकाळपर्यंत पाहिजे हं!" आणि तुमच्यासमोर कोरी फाइल, त्यात लुकलुकणारा कर्सर. मोठ्या एजन्सीत अशा वेळी निदान चार कॉपीरायटर्स तरी डोकं लावायला असतात. अर्धापूरच्या माझ्या मित्राकडे एकूण माणसंच तीन. एक कॅमेरा सांभाळतो, एक एडिटिंग करतो आणि मित्र स्वतः लिहितो, वर वसुलीही करतो.

अर्धापूर म्हणजे नांदेडजवळचं केळीचं गाव. इथले क्लायंट म्हणजे टिश्यूकल्चर रोपांची नर्सरी, ठिबकवाले, साडीचं दुकान, क्लासेस. प्रत्येकाला मोबाइलवर फिरवायला तीस सेकंदांचा व्हिडिओ हवा असतो आणि तोही कालच! मित्राने यावर एक सही फंडा काढला. ज्या जाहिराती चालल्या, त्यांचे साचे करून ठेवायचे. त्याची ही 'लायब्ररी' म्हणजे एक साधी एक्सेल शीट आहे. पण ती जमेपर्यंत पठ्ठ्या एकदा चांगलाच आपटला. ते पुढे सांगतोच.

हिट म्हणजे नक्की काय?

साच्यांची कल्पना काही नवी नाही. गोल्डनबर्ग, मझुर्स्की आणि सॉलोमन या तीन संशोधकांनी १९९९ मध्ये बक्षीस मिळवलेल्या दोनशे जाहिराती तपासल्या, तर त्यातल्या ८९ टक्के अवघ्या सहा साच्यांत बसल्या. म्हणजे 'एकदम हटके' वाटणाऱ्या कल्पनांनाही सांगाडा असतो. पण तिथे हिटची व्याख्या होती बक्षीस. अर्धापूरच्या नर्सरीवाल्याला बक्षीस नको, बुकिंग हवं. त्यामुळे लायब्ररीत काय घ्यायचं, हा पहिला प्रश्न.

समजा, एका नर्सरीच्या दोन जाहिराती आहेत. दोन्हींवर २,००० रुपये खर्च. पहिलीला ५० व्हॉट्सअ‍ॅप मेसेज आले, म्हणजे मेसेजमागे ४० रुपये. दुसरीला २०, म्हणजे १०० रुपये. हिट कोणती? पहिली, असं म्हणून मोकळे होऊ नका. पहिलीच्या ५० जणांपैकी दोघांनी रोपं बुक केली आणि दुसरीच्या २० पैकी पाच जणांनी. आता बुकिंगमागचा खर्च काढा. पहिलीचा १,०००, दुसरीचा ४००. लायब्ररीत जाते दुसरी!

अजून एक गोची असते. मृगबागेची लागवड जून-जुलैत होते. त्याच्या आधी, मे महिन्यात, रोपांची कुठलीही जाहिरात थोडीफार चालतेच. मग ती स्क्रिप्टमुळे चालली की हंगामामुळे, की 'दहा टक्के सूट'मुळे? म्हणून मित्र त्याच आठवड्यात, त्याच ऑफरची, फक्त वेगळ्या स्क्रिप्टची दुसरी जाहिरात चालवतो. तिच्यापेक्षा स्पष्ट सरस ठरली, तरच पहिलीचा साचा होतो. आणि दोन-पाच बुकिंगांच्या फरकावर निकाल लावायचा नाही, पुन्हा एकदा चालवून बघायचं.

बाहेरच्या जाहिराती बघायला मेटाची अ‍ॅड लायब्ररी फुकट आहे. तिथे एखादी जाहिरात कधीपासून सुरू आहे, ते दिसतं. तीन-चार महिने कुणी खिशातले पैसे घालतोय, म्हणजे बहुधा काहीतरी हाती लागत असणार. पण हा नुसता अंदाज. विक्रीचा आकडा तिथे दिसत नाही. म्हणून अशा साच्यापुढे मित्र 'कच्चा' असं लिहून ठेवतो.

सांगाडा कसा काढायचा?

त्याची सगळ्यात चाललेली जाहिरात घ्या. पहिली तीन सेकंदं : शेतकरी केळीच्या ओळीत उभा, झाडं लहान-मोठी. तो म्हणतो, "ही सगळी एकाच दिवशी लावली बरं का." पुढची सात सेकंदं : त्यामुळे घड एकदम तयार होत नाहीत, काढणीसाठी पुन्हापुन्हा माणसं लावावी लागतात. मग दहा सेकंदं शेजारचं शेत. लागवडीची तारीख तीच, पण बाग एकसारखी. नंतर सहा सेकंदांत कारण : एकाच वयाची, हार्डनिंग झालेली रोपं. शेवटच्या चार सेकंदांत एकच काम सांगायचं, "या नंबरवर 'मृग' एवढंच लिहून पाठवा."

आता यातली केळी काढा, शेतकरी काढा, शब्दही काढा. काय उरतं? डोळ्याला दिसणारा घोळ, त्याची किंमत, शेजारी ठेवलेला पुरावा, एका वाक्यात कारण आणि एकच कृती. हा झाला साचा. 'एकाच दिवशी लावली' हे वाक्य साच्यात ठेवलंत की संपलं! कारण ते वाक्य म्हणजे फक्त उदाहरण. साच्यात प्रत्येक तुकड्याचं काम आणि सेकंद लिहायचे. तीस सेकंदांत निवांत बोलले तर साठेक शब्दच बसतात, हेही वरच लिहून ठेवायचं.

प्रत्येक साच्यासमोर मित्र एक रकाना हमखास भरतो : 'कुठे चालणार नाही'. हा केळीवाला साचा ठिबकला चालतो, रंगाच्या दुकानाला चालतो. फरक डोळ्याला दिसतो ना! पण लातूर पॅटर्नच्या क्लासला तो लावून बघा. निकाल दोन वर्षांनी लागणार, मग शेजारी काय ठेवणार? तिथे पालकाच्या मनातल्या शंकेपासून सुरुवात करणारा साचा काढावा लागतो.

आणि मग आपटला!

साचा हातात आल्यावर मित्राचा स्पीड भन्नाट वाढला. दोन दिवसांची स्क्रिप्ट दोन तासांत. त्या नादात त्याने एकाच महिन्यात दोन नर्सऱ्यांना तोच साचा दिला. फक्त साचाच नाही, 'एकाच दिवशी लावली' ही सुरुवातही जवळजवळ तीच. मुंबईत कदाचित खपून गेलं असतं. पण अर्धापुरात दोन्ही व्हिडिओ एकाच व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर, एकाच सकाळी! पहिल्या नर्सरीच्या मालकांचा फोन आला, "काय राव, आमचीच जाहिरात समोरच्याला विकली की तुम्ही!" त्याचा हा सगळ्यात मोठा क्लायंट. मित्राने चूक कबूल केली, दुसऱ्याची जाहिरात त्याच दिवशी उतरवली, स्वतःच्या खर्चाने नवी करून दिली. क्लायंट राहिला, पण त्या महिन्यात पोरांचे पगार उशिरा झाले.

त्या दिवसापासून शीटमध्ये आणखी दोन रकाने आले : 'कुणाला दिला' आणि 'शेवटचा कधी वापरला'. एका धंद्यात, एका तालुक्यात, एका हंगामात एक साचा एकालाच. शिवाय साचा झिजतो, तेही तो बघतो. पहिल्या तीन सेकंदांनंतर टिकणारे प्रेक्षक आठवड्यागणिक घसरायला लागले आणि ऑफर तीच असून मेसेजचा खर्च चढायला लागला, तर आधी सुरुवात बदलायची. नव्या सुरुवातीनेही फरक पडला नाही, तर साच्याला सुट्टी.

मी निघताना पुन्हा फोन वाजला. साडीवाल्यांना दिवाळीसाठी स्क्रिप्ट हवी होती, संध्याकाळपर्यंत. मित्राने शीट उघडली, 'कुणाला दिला' या रकान्यावरून बोट फिरवलं आणि निवांत म्हणाला, "पाठवतो चारपर्यंत." मग माझ्याकडे वळला, "अरे, बस की! चहा होऊन जाऊ दे." सोमवारी सकाळी अकरा वाजता एजन्सीवाला चहाचा आग्रह करतोय, हे मी पहिल्यांदाच बघत होतो!