शेवटचा नंबर वाईचा?

मंडळी, पिव्हट टेबल करून, एकूण विक्रीवर उतरता क्रम लावून, सगळ्यात खालच्या भागाला 'वीक टेरिटरी' म्हणायचं, याला विश्लेषण म्हणत नाहीत. ही फक्त बेरीज आहे. आणि या बेरजेच्या जोरावर दर तिमाहीला कुठल्यातरी सेल्समनची मीटिंगमध्ये सालं काढली जातात. माझा राग त्यावर आहे.

एक उदाहरण घेऊ. आकडे समजुतीसाठी गोल केलेत. सातारा जिल्ह्यातला बिस्किटांचा एक डिस्ट्रिब्युटर, तीन भाग, तीन महिन्यांची बिलं. पिव्हटमध्ये Rows ला टेरिटरी आणि Values ला रक्कम टाकली की दिसतं: सातारा शहर १८ लाख, कराड १५ लाख, वाई ६ लाख. झालं! वाईच्या पोराला बोलवा!

अहो, पण किती दुकानांतून ६ लाख? हा प्रश्न एक्सेलला विचारता येतो. पिव्हट बनवताना 'Add this data to the Data Model' वर टिक करा, मग दुकानाचं नाव Values मध्ये टाकून Value Field Settings मध्ये Distinct Count निवडा. (विंडोजवर एक्सेल २०१३ पासून हे आहे.) साधा Count घेतला तर बिलाच्या ओळी मोजल्या जातात, दुकानं नाही. डेटा मॉडेल वापरलं की Calculated Field चालत नाही, म्हणून भागाकार शेजारच्या कॉलममध्ये करा. पिव्हटच्या सेलवर क्लिक केलंत तर एक्सेल लांबलचक GETPIVOTDATA घुसवतो, तेव्हा सेलचा पत्ता हातानं टाईप करा:

```
=B4/C4
```

आता चित्र बघा. साताऱ्यात ३०० दुकानं, म्हणजे दुकानामागे ६,००० रुपये. कराडमध्ये २०० दुकानं, दुकानामागे ७,५००. वाईत ८० दुकानं, आणि तिथेही ७,५००! शेवटचा नंबर आलेला भाग दुकानामागे कराडच्या बरोबरीला आहे.

इथेही थांबू नका, कारण सरासरी फसवते. Rows मध्ये टेरिटरीच्या खाली दुकान टाका आणि रकमेवर उतरता क्रम लावा. कराडमध्ये वरच्या दोन नावांनी मिळून साडेचार लाखांचा माल उचललाय. ते होलसेलर आहेत. त्यांचा माल पाटणपर्यंत कुठेही जाऊ शकतो, त्यात कराडच्या सेल्समनच्या फिरण्याचा फारसा संबंध नाही. ते वगळले की उरतात १९८ दुकानं आणि साडेदहा लाख, म्हणजे दुकानामागे सुमारे ५,३००. सातारा आणि वाईत तशी मोठी नावं नाहीत, त्यामुळे त्यांचे आकडे तसेच राहतात. म्हणजे मीटिंगमध्ये ज्याची पाठ थोपटली, तोच भाग दुकानामागे सगळ्यात मागे आहे.

मग वाईत सगळं आलबेल आहे का? नाही. पण तिथला आजार वेगळा आहे, आणि तो विक्रीच्या पिव्हटमध्ये दिसूच शकत नाही. ज्या दुकानानं तीन महिन्यांत एकही बिल केलं नाही, त्याची ओळच डेटात नाही. पिव्हटला न झालेली विक्री दिसत नाही, हे नीट लक्षात ठेवा. त्यासाठी दुकानांची मूळ यादी वेगळी लागते. त्या यादीत कराडची २२० दुकानं आहेत, त्यातल्या २०० ना माल गेला. वाईची १६० आहेत, माल गेला फक्त ८० ना. अर्धी दुकानं कोरी! एकटा सेल्समन, गावं विखुरलेली, आठवड्यात बीट पूर्ण होत नाही. अशा माणसाचं टार्गेट वाढवून काय होणार? त्याला जोडीदार द्या किंवा बीट दोन भागांत तोडा. मात्र उरलेली ८० दुकानंही ७,५०० चा माल घेतील असं गृहीत धरू नका. सेल्समन आधी मोठी दुकानं गाठतो, मागे राहतात ती बहुधा लहान. निम्मा धंदा धरला तरी तिमाहीला ३ लाख होतात. कराडमध्ये मात्र दुकानं आहेत आणि माल कमी जातोय. तिथे दुकानदार कुठला माल घेत नाही ते बघायला हवं. दोन भाग, दोन वेगळी औषधं.

हे सगळं करायच्या आधी एक काम: टेरिटरीच्या कॉलमला TRIM लावा आणि स्पेलिंग एकसारखं करा. 'Wai' आणि 'Vai' अशा दोन ओळी आल्या तर वाई कागदावर आणखी गरीब दिसते. आणि नवी बिलं टाकल्यावर Refresh करा, पिव्हट आपणहून बदलत नाही.

एकूण अर्ध्या तासाचं काम आहे. साहेब लोकांकडे तेवढा वेळ नसतो म्हणे. सेल्समनला झापायला मात्र दोन तास असतात. असो. पुढच्या मीटिंगमध्ये पडद्यावर उतरता क्रम दिसला, की एवढंच विचारा: "दुकानं किती, आणि यादीत किती?"