बँक बघते मंगळवारची दुपार

कोथरूडमधल्या एका छोट्या स्पाची मालकीण परवा माझ्याकडे कर्जाचा प्रस्ताव घेऊन आली. असे प्रस्ताव तयार करून देणं हे माझं रोजचं काम. पहिली चार पानं नुसते फोटो! मंद दिवे, फुलं, खूश क्लायंट. म्हटलं, ‘‘बाई गं, साहेबाला फेशियल करून घ्यायचं नाहीये. त्याला हप्ता कुठून येणार ते सांग.’’

तिला हवं होतं फेशियल मशीन, दोन पेडिक्युअर खुर्च्या आणि एक मसाज बेड. कोटेशन 6 लाखांचं. तिनं तेवढाच आकडा धरला होता. पण वर 18 टक्के जीएसटी, म्हणजे 1 लाख 8 हजार. सप्टेंबर 2025 पासून स्पा-पार्लरच्या सेवांवर 5 टक्के जीएसटी आहे, पण खरेदीवर भरलेल्या टॅक्सचं क्रेडिट मिळत नाही. तेव्हा प्रोजेक्टची खरी किंमत 7 लाख 8 हजार. त्यातला पाव हिस्सा तिचा, म्हणजे 1 लाख 77 हजार. उरलेलं 5 लाख 31 हजार कर्ज. 11 टक्के व्याज आणि पाच वर्षं धरली, तर महिन्याचा हप्ता साधारण साडेअकरा हजार.

आता भाडं, पगार, क्रीम-तेलं आणि तिचा घरखर्च वजा जाता हातात उरतात 14 हजार. म्हणजे हप्त्याच्या जेमतेम सव्वापट. एक महिना मंदा गेला की संपलं! साहेबांना साधारण दीडपट तरी दिसायला हवं असतं.

मग आम्ही अपॉइंटमेंटची वही उघडली. मंगळवारची दुपार कोरी, शनिवार-रविवारी मात्र आठवड्याला आठ जणी जागा नाही म्हणून परत गेलेल्या. त्या सगळ्या येतीलच असं नाही, म्हणून निम्म्याच धरल्या. महिन्याला 16 क्लायंट, प्रत्येकी हजार रुपये. सामान, कमिशन, वीज जाऊन निम्मे उरले तरी 8 हजार. एकूण झाले 22 हजार. यातल्याही निम्म्याच आल्या तरी 18 हजार, म्हणजे हप्त्याच्या दीडपटीला थोडं वरच. प्रस्तावात हे दोन्ही हिशोब घातले.

एक गोष्ट मात्र मी कापली. दिवाळीत विकलेल्या पॅकेजेसचे आगाऊ पैसे तिनं उत्पन्नात धरले होते. अहो, ती सेवा अजून द्यायची आहे! ते पैसे म्हणजे कमाई नव्हे, देणंच. खात्यात एकदम उडी दिसली की साहेब पहिला प्रश्न त्यावरच विचारतो.

फोटो? एकच ठेवला. वहीच्या पानाचा, परत गेलेल्या नावांवर काट मारलेला.