फुंकर अर्धी, निदान पूर्ण?

स्पायरोमेट्रीच्या रिपोर्टवर शेवटी मशीनने छापलेली एक ओळ असते. बहुतेक रुग्ण तेवढीच वाचतात आणि खरं सांगायचं तर काही डॉक्टरही. त्या ओळीत 'रिस्ट्रिक्शन' असं लिहिलेलं असेल, तर लगेच घाबरू नका. आधी आलेख बघा, असं माझं मत आहे.

या तपासणीत दोन आकडे महत्त्वाचे. छाती भरून श्वास घेऊन जोराने सोडल्यावर एकूण किती हवा बाहेर आली, ती एफव्हीसी. त्यातली पहिल्या सेकंदात किती आली, ती एफईव्ही-१. दमा किंवा सीओपीडीमध्ये नळ्या अरुंद असतात, म्हणून हवा हळूहळू निघते आणि पहिल्या सेकंदाचा वाटा घटतो. हा अडथळ्याचा प्रकार. फुफ्फुस आकसलं असेल तर मुळात हवाच कमी मावते, पण जेवढी असते तेवढी भराभर निघते. दोन्ही आकडे कमी, वाटा मात्र ठीक. हे रिस्ट्रिक्शन.

आता ५८ वर्षांच्या एका गृहस्थांचं उदाहरण घ्या. अनेक वर्षं बिडी ओढलेली, जिना चढताना धाप. एफव्हीसी २.४ लिटर, अपेक्षित होती ३.६. एफईव्ही-१ १.८ लिटर. म्हणजे पहिल्या सेकंदात ७५ टक्के हवा बाहेर. मशीनने रिस्ट्रिक्शन छापलं. पण आलेखात दिसलं की त्यांनी तीनच सेकंद फुंकलं होतं. रेषा वर चढत असतानाच तुटली होती.

तपासणी पुन्हा केली. "अजून, अजून, सोडत राहा" म्हणत नऊ सेकंद फुंकायला लावलं, रेषा सपाट होईपर्यंत. एफईव्ही-१ तीच, १.८. एफव्हीसी मात्र ३.१ झाली. वाटा आला ५८ टक्क्यांवर. म्हणजे अडथळा! ज्यांच्या नळ्या अरुंद, त्यांनाच शेवटची हवा सोडायला जास्त वेळ लागतो. त्यामुळे फुंकर मध्येच थांबवली, तर नेमका त्यांचाच आजार लपतो.

फुंकर व्यवस्थित असली तरी एक मर्यादा उरतेच. कितीही जोर लावला तरी थोडी हवा फुफ्फुसात राहते आणि स्पायरोमीटर ती मोजू शकत नाही. अडथळ्यात ही अडकलेली हवा वाढते, त्यामुळेही एफव्हीसी कमी दिसू शकते. फुफ्फुस खरंच लहान झालंय का, हे एकूण क्षमता मोजल्यावरच पक्कं कळतं. त्यासाठी काचेच्या केबिनमध्ये बसवून किंवा हेलियम वायू वापरून वेगळी तपासणी करतात. ती सगळीकडे होत नाही.

म्हणून रिपोर्ट घेताना आलेखाचं पान मागून घ्या. निदान तीन नीट फुंकरी आहेत का आणि त्यातल्या सर्वांत चांगल्या दोन जवळपास सारख्या आहेत का, ते पाहा. रेषा शेवटी सपाट झालेली नसेल, तर सीटी स्कॅनच्या चिठ्ठीआधी तपासणी पुन्हा करायला सांगा. लॅबवाले कुरकुरतील, कुरकुरू द्या.